काढायच्या चार, ठेवायच्या तेरा

श्रावणातल्या एका सकाळी अंबाडा बांधताना मानेच्या उजव्या बाजूला टचकन दुखलं. आरसा तिरका धरून पाहिलं, तर तिथली रोजची, ओळखीची चामखीळ काळी ठिक्कर पडलेली. आदल्या रात्रीपर्यंत ती अंगाच्याच रंगाची होती, तांदळाच्या दाण्याएवढी, बारीक देठावर लोंबणारी. आता मनुकेसारखी सुकलेली, मुळाशी लालसर, आणि नुसता पदर लागला तरी हुळहुळणारी.

गेली सहा-सात वर्षं ती तिथे होती. एकटी नव्हती, तिच्या आजूबाजूला तिचं गणगोत होतं. चाळिशी ओलांडली तशी एकेक उगवत गेली, आणि मीही केस पांढरे होतात तशीच ही एक गोष्ट म्हणून सोडून दिली होती. मंगळसूत्राची तार अधूनमधून एखादीत अडकायची, ओढ बसायची, क्वचित रक्ताचा ठिपका ब्लाउजच्या गळ्याला लागायचा. पण काळी पडलेली चामखीळ बघून पोटात गोळा आला. रंग बदलला म्हणजे कॅन्सर, एवढं अर्धवट ज्ञान प्रत्येकाकडे असतंच.

दोन दिवस घरात आणि ऑफिसात सल्ल्यांचा पाऊस पडला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, घोड्याचा केस मिळत नाही हल्ली, पण रेशमी दोरा घट्ट बांध. आठ दिवसांत गळून पडेल." शेजारच्या वहिनींकडे बिब्बा होता. ऑफिसातल्या मैत्रिणीने फोनवर एका मलमाची जाहिरात दाखवली, लावा आणि विसरा अशी. मी यातलं काही केलं नाही ते शहाणपणामुळे नव्हे. ती जागा इतकी दुखत होती की तिला दोरा बांधायच्या कल्पनेनेच अंगावर काटा येत होता. सोमवारी मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले.

डॉक्टर मॅडम साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी काळ्या चामखिळीकडे जेमतेम अर्धा मिनिट पाहिलं आणि मग तिला सोडून माझी सगळी मान, काखा आणि पाठीचा वरचा भाग बघत बसल्या. हातात दिवा लावलेलं छोटं भिंग होतं, त्याला डर्मोस्कोप म्हणतात. मी विचारलं, "मॅडम, काळी का पडली?"

"पीळ पडलाय," त्या म्हणाल्या. "भोपळ्याच्या फुलाचं देठ पिरगळलं की फूल सुकतं ना, तसं. मंगळसूत्रात अडकून किंवा झोपेत कूस बदलताना ती स्वतःभोवती फिरली असेल. देठातून जाणारी रक्तवाहिनी आवळली गेली, रक्त पोचेना, म्हणून मेली. तुम्ही काही केलं नसतं तरी दहा दिवसांत गळून पडली असती."

म्हणजे सासूबाईंचा दोरा जे करतो तेच माझ्या मानेने आपसूक केलं होतं. हे ऐकून मला हसू आलं आणि त्याच वेळी त्या दोऱ्याची पद्धत का चालते, तेही कळलं. अडचण अशी की दोरा फक्त देठ असलेल्या चामखिळीवरच चालतो, आणि देठ आहे की नाही, मुळात ती चामखीळच आहे की दुसरं काही, हे दोरा बांधणारा बघत नाही.

यानंतर मॅडमनी जे सांगितलं त्याने माझ्या डोक्यातला बराच गुंता सुटला. आपण मराठीत चामखीळ किंवा मस म्हणतो तो एक आजार नाहीच. त्या एका शब्दाखाली निदान तीन-चार वेगळ्या गोष्टी नांदतात. माझ्या मानेवर होते ते स्किन टॅग. आत सैल तंतू, एखाददुसरी बारीक रक्तवाहिनी, वरून पातळ कातडीचं वेष्टण, बस एवढंच. बोटाने हलवलं तर मऊ लागतं, इकडून तिकडे डुलतं. कातडी कातडीवर घासते तिथे हे उगवतात: मान, काख, जांघ, स्तनांखालची घडी, पापण्या. संसर्ग नसतो, एकाचे दुसऱ्याला होत नाहीत.

खरी चामखीळ, म्हणजे शाळेत पोरांच्या बोटांवर असते ती, विषाणूमुळे होते. ती कडक, खरखरीत, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी, आणि जवळून पाहिलं तर आत काळे ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या. ही पसरते. पुरुषांच्या दाढीत ती असली आणि वरून रेझर फिरला, तर महिनाभरात पाचाच्या पंधरा होतात. "एक कापली की दहा येतात" ही आपल्याकडची ठाम समजूत इथून आली असावी. विषाणूच्या चामखिळीबाबत ती बरीचशी खरी आहे, स्किन टॅगबाबत अजिबात नाही. टॅग मुळापासून काढला की त्या जागी सहसा परत येत नाही. शेजारी नवा येतो, पण तो येणारच असतो, जुना काढला म्हणून नव्हे. दोघांना आपण एकच नाव दिलं आणि एकाचा गुण दुसऱ्याला चिकटवला.

तिसरी मंडळी सासूबाईंच्या गालावर होती, त्यांच्याकडे पुढे येतेच.

मॅडमनी मला मान पुढे वाकवायला सांगितली आणि मागच्या घडीवरून बोट फिरवलं. "ही जागा काळी आणि जाडसर कधीपासून आहे?"

मी ओशाळले. लहानपणी आई मला न्हाऊ घालताना मान वज्रीने घासायची, मळ साचलाय म्हणून. लग्नानंतरही कुणी मागे उभं राहिलं की मी पदर सारखा करायचे. मी म्हणाले, "कितीही घासली तरी निघत नाही."

"निघणार नाही. तो मळ नाहीच. रक्तात इन्सुलिन जास्त असलं की कातडीच्या पेशी वाढतात, मानेच्या आणि काखेच्या घड्या मखमलीसारख्या जाड आणि काळ्या होतात. टॅगसुद्धा त्याच वाढीचं दुसरं रूप. घरात कुणाला शुगर आहे?"

आईला होती. मावशीलाही. मला मात्र कधी काही झालं नव्हतं, म्हणून कधी तपासलंही नव्हतं. हे सगळं कसं जुळतं ते मॅडमनी थोडक्यात सांगितलं. पोट सुटलं, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, की स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओततं. साखर त्यामुळे बरीच वर्षं ताब्यात राहते, रिपोर्ट नॉर्मल येतो, पण रक्तात फिरणारं जादा इन्सुलिन त्वचेतल्या पेशींना वाढीचा निरोप देत राहतं. म्हणजे मधुमेह कागदावर येण्याआधी मानेवर येऊ शकतो. दोन-चार टॅग जवळजवळ निम्म्या जगाला असतात, त्यात काही विशेष नाही. पण मानेभोवती पंधरा-वीस असतील, मान काळी असेल आणि कंबर रुंदावलेली असेल, तर आधी रक्त तपासावं, कात्री नंतर.

माझी उपाशीपोटी साखर ११२ आली आणि तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ६.१. त्याला मधुमेह म्हणत नाहीत, तो ६.५ पासून सुरू होतो. ५.७ ते ६.४ हा मधला उंबरठा, आणि मी त्यावर उभी होते. त्या रिपोर्टाने माझं चालणं, जेवणातला भात आणि संध्याकाळची बिस्किटं यांचं काय झालं तो वेगळा लेख होईल. इथे एवढंच सांगते की आईने वर्षानुवर्षं माझी मान घासली ती सगळी मेहनत फुकट गेली, आणि घासल्याने ती कातडी उलट अजून जाड झाली.

आता मूळ प्रश्न. काढायच्या की नाही?

मी गेले होते सगळ्या काढून टाकायच्या तयारीने. मॅडमनी मोजल्या: सतरा. मग आरसा माझ्या हातात दिला आणि एकेक बोटाने दाखवत विचारत गेल्या, ही त्रास देते का? ही अडकते का? ही दुखते का? बहुतेकींना माझं उत्तर "नाही, पण दिसते" असं होतं. मॅडम म्हणाल्या, "दिसण्यासाठी काढायला माझी हरकत नाही. पण त्याच्या बदल्यात काय मिळेल ते आधी ऐका."

आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचा एक स्वभाव आहे. तिला कुठेही भाजलं, खरचटलं, मुरूम फुटला, की ती जागा काळपट होते आणि तो डाग महिनोन्महिने राहतो. मेलनिन तयार करणाऱ्या पेशी जखमेच्या चिथावणीने जादा रंग ओततात. गोऱ्या कातडीवर टॅग जाळला तर पंधरा दिवसांत जागा सापडत नाही. आपल्याकडे दोन मिलिमीटरच्या, अंगाच्याच रंगाच्या, लांबून न दिसणाऱ्या टॅगच्या जागी चार मिलिमीटरचा तपकिरी ठिपका येऊ शकतो आणि तो सहा महिने सगळ्यांना दिसतो. बहुतेकांचा फिकट होत जातो. काहींचा पूर्ण जात नाही.

थंड पद्धतीबद्दल मी वाचलं होतं, तेही विचारलं. द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंशांचा, काडीने लावतात आणि गाठ गोठवतात. परदेशात हा अगदी सर्रास उपाय आहे. मॅडम म्हणाल्या की हात सराईत असेल तर चालतो, पण त्यात उलटी गंमत होते. रंग बनवणाऱ्या पेशी थंडीला इतर पेशींपेक्षा फार लवकर मरतात. गाठ जाते, पण तिथे पांढरा ठिपका राहतो, आणि सावळ्या मानेवर पांढरा ठिपका म्हणजे लोक कोडाची शंका घेणार. म्हणून मानेवरच्या बारीक टॅगसाठी त्यांना साधी कात्री सगळ्यात आवडते.

आम्ही मिळून यादी केली. काळी पडलेली एक. मंगळसूत्राच्या रेषेवरच्या दोन, ज्या खरोखर आठवड्यातून एकदा अडकत होत्या. आणि काखेतली एक मोठी, वाटाण्याएवढी, ब्लाउजच्या शिवणीखाली येऊन चोळवटणारी. काढायच्या चार, ठेवायच्या तेरा.

त्याआधी मॅडमनी काही प्रश्न विचारले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? छातीत पेसमेकर आहे का? कारण कॉटरीची, म्हणजे भाजून गाठ काढायच्या किंवा रक्त थांबवायच्या उपकरणाची, वीज त्यात गडबड करू शकते. कान टोचल्यावर किंवा एखादी जखम भरल्यावर तिथे जाड, वाढत जाणारा वण उठला होता का? जागा बधिर करायच्या लिग्नोकेन या औषधाची ॲलर्जी? चारही उत्तरं नाही अशी निघाली, आणि पुढच्या गुरुवारची वेळ ठरली.

गुरुवारी आधी तासभर नुसतं बसवून ठेवलं. मानेवरच्या तिन्ही जागांवर पांढरं बधिरतेचं मलम जाड थापलं आणि वरून स्वयंपाकघरात वापरतो तसला चिकट प्लॅस्टिकचा कागद लावला. हे मलम कातडीत मुरायला तेवढा वेळ लागतो. "लगेच लावून लगेच कापतो" म्हणणाऱ्यांकडे दुखतं ते यामुळेच. काखेतल्या मोठीचं देठ जाड होतं, तिथे मलम पुरत नाही, म्हणून तिच्या बुडाशी बारीक सुईने इंजेक्शन दिलं. सगळ्या कार्यक्रमात दुखलं ते एवढंच, आणि तेही पाचेक सेकंद चुरचुरल्यासारखं.

मग मॅडमनी चिमट्याने टॅगचं टोक हलकं उचललं, देठ ताणलं गेलं, आणि बारीक वाकड्या कात्रीने कातडीच्या अगदी पातळीवर कट. वर थोडा बुडखा राहिला तर टोचत राहतो, खोल गेलं तर वण राहतो, सगळं कौशल्य त्या पातळीत. मानेवरच्या तिघींना रक्ताचा एकेक थेंब आला, तो कापसाच्या दाबाने दोन मिनिटांत थांबला. काखेतलीला मात्र कॉटरीच्या टोकाचा एक स्पर्श लागला. जळक्या केसांचा वास आला, आणि झालं. कॉटरी लावायच्या आधी त्यांनी जागा स्पिरिटने पुसली नाही, दुसरं औषध वापरलं. मी विचारलं तर म्हणाल्या, स्पिरिट वाळलं नसेल तर ठिणगीने पेट घेतं. कात्री प्रत्यक्षात चालली तो वेळ सगळा धरून दहा मिनिटांचाही नव्हता.

काळी पडलेली त्यांनी कचऱ्यात टाकली नाही. फॉर्मॅलिनच्या छोट्या बाटलीत घालून पॅथॉलॉजीला पाठवली. साध्या, मऊ, अंगाच्या रंगाच्या टॅगची तपासणी करायची गरज नसते, बाकीच्या तीन त्यांनी पाठवल्या नाहीत. पण ज्याचा रंग बदललाय, जी नेहमीसारखी दिसत नाही, तिच्याबद्दल डोळ्यांना खात्री असली तरी कागद हवा, असं त्यांचं म्हणणं. पाच दिवसांनी रिपोर्ट आला: फायब्रोएपिथेलियल पॉलिप, हे स्किन टॅगचंच शास्त्रीय नाव, रक्तपुरवठा तुटल्याने मृत. म्हणजे त्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं होतं तेच. दोऱ्याने गळवलेली चामखीळ केराच्या टोपलीत जाते, तिचा असा कागद कधीच मिळत नाही.

घरी येताना एकच पथ्य जड गेलं: दहा दिवस गळ्यात काही घालायचं नाही. खपल्या आपोआप पडू द्यायच्या, रोज दोनदा मलम, आणि मानेला ऊन लागू द्यायचं नाही. मला धास्ती होती सासूबाईंची. त्यांनी चष्म्यातून माझ्या मानेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "त्याच तारेने कापत होतं ना तुला? मग राहू दे की कपाटात. काळे मणी मनगटाला बांध, कोण विचारतंय." ज्या बाईने चार दिवसांपूर्वी मला घोड्याचा केस सुचवला होता तिच्याकडून हे ऐकून मी गप्पच झाले.

खपल्या मानेवरच्या आठव्या दिवशी पडल्या, काखेतली बाराव्या. खाली गुलाबी, मग तपकिरी. मंगळसूत्राच्या रेषेवरचे दोन ठिपके चार महिन्यांत मिटले. काळीच्या जागी मुळात सूज होती, तिथे फिकट डाग अजून आहे. मला तो कुठे आहे ते माहीत आहे म्हणून दिसतो.

बिब्ब्याचा विषय राहिला. तो मी सोडणार नाही, कारण शेजारच्या वहिनींनी तो स्वतःच्या मानेवर लावला. बिब्ब्याच्या टरफलातलं काळं तेल धोबी पूर्वी कपड्यांवर खुणा करायला वापरायचे, इतका पक्का त्याचा रंग. पण त्या तेलात कातडीला जबर ॲलर्जी आणणारी द्रव्यं असतात, आणि ती लावल्या जागी थांबत नाहीत, घामाबरोबर पसरतात. वहिनींचा टॅग जळाला खरा, पण त्याच्याभोवती तळहाताएवढ्या भागात पाण्याचे फोड उठले. पंधरा दिवस औषधं आणि नंतर वर्षभर काळा पट्टा. चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र करून लावायची दुसरी पद्धत आहे. त्या दोघांचं मिश्रण ओलं झालं की कॉस्टिक सोडा तयार होतो, संडासाची तुंबलेली नळी मोकळी करायला वापरतात तोच. तो कातडी विरघळवत आत शिरतो आणि कुठे थांबायचं हे त्याला कळत नाही. जाहिरातीतली मलमं यापेक्षा फार वेगळी नसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर घरच्या घरी तीळ किंवा टॅग काढायच्या एकाही मलमाला मान्यता दिलेली नाही, हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं आहे.

ब्युटी पार्लरमधल्या कॉटरीबद्दल मॅडम एकच वाक्य बोलल्या: "सुई प्रत्येक वेळी नवी काढतात का ते बघा, आणि काढायच्या आधी भिंगातून बघतात का ते बघा." दुसरं कुणी करत नाही.

आता सासूबाईंचे गाल. माझं काम नीट झालेलं बघून त्यांनाही हुरूप आला. त्यांच्या दोन्ही गालांवर आणि कानशिलांवर काळे, उंचवट्याचे बारीक ठिपके आहेत, तिळाएवढे, काही मोहरीएवढे, चाळीसेक तरी. त्या त्यांना तीळच म्हणतात. त्यांच्या आईला होते, आता माझ्या नणंदेला तिशीतच दिसायला लागलेत. नातवाचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि त्यांना फोटोत स्वच्छ चेहरा हवा होता.

मॅडमनी भिंग लावून बघितलं आणि सांगितलं की हे तीळ नाहीत आणि टॅगही नाहीत. डर्मॅटोसिस पॅप्युलोसा नायग्रा, हे जडजंबाळ नाव कॅस्टेलानी नावाच्या इटालियन डॉक्टराने १९२५ साली दिलं. सावळ्या आणि काळ्या कातडीच्या लोकांत घराण्यात चालत येतात, वयाबरोबर वाढतात, आणि कॅन्सर होत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "मग काढून टाका ना पटापट, सुनेचे काढले तसे."

"आजी, लग्न झाल्यावर या," मॅडम म्हणाल्या.

कारण साधं होतं. या ठिपक्यांना देठ नसतं, ते कापता येत नाहीत. कॉटरीच्या बारीक टोकाने अगदी कमी शक्तीवर हलकेच भाजावे लागतात. आठवडाभर चाळीस खपल्या. त्या पडल्यावर चाळीस गुलाबी जागा, आणि तिसऱ्या आठवड्यात, नेमक्या लग्नाच्या दिवशी, त्या सगळ्या तपकिरी होण्याच्या ऐन भरात असत्या. कार्याच्या तोंडावर चेहऱ्याला हात लावून घेऊ नये. मधे निदान तीन-चार महिने हवेत. आणि त्यातही एकदम सगळे नाही. लग्नानंतर त्या गेल्या तेव्हा मॅडमनी कानाजवळ, केसांच्या कडेला, कुणाला न दिसणारे फक्त तीन काढले आणि दोन महिन्यांनी बोलावलं, त्यांची कातडी किती डाग धरते ते बघायला. दोन जागा स्वच्छ भरल्या. तिसरीवर मूळ ठिपक्यापेक्षा मोठा काळा डाग पडला. सासूबाईंनी आरशात बघितलं, दोन्ही बाजूंचा हिशेब केला आणि म्हणाल्या, "असू देत. आईची आठवण आहे."

नवऱ्यालाही मी ओढत नेलं. त्याच्या पाठीवर खांद्याच्या खाली तपकिरी, खडबडीत, रुपयाच्या नाण्याएवढं काहीतरी आहे. मेणाचा थेंब कातडीवर पडून गोठावा तसं, नखाने उचकटून निघेल असं वाटतं. दरवर्षी ते किंचित वाढतं, म्हणून मी घाबरले होते. भिंगाखाली त्यात रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणि काळी छिद्रं दिसली, आणि त्यावरून मॅडमनी सेबोऱ्हिक केराटोसिस असं निदान केलं. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या अंगावर एखादं तरी असतंच, आणि सासूबाईंच्या गालावरचे ठिपके याचेच लहान भाऊ. पोटावरचे लाल मण्यांसारखे ठिपके दाखवले, तर ते नुसत्या फुगलेल्या रक्तवाहिन्या निघाल्या. काहीच काढलं नाही. "एक लक्षात ठेवा," मॅडम त्याला म्हणाल्या, "असे डाग वर्षानुवर्षं हळूहळू येतात. दोन-तीन महिन्यांत एकदम डझनांनी उठले आणि खाज सुटली, तर थांबू नका, पोटाच्या तपासण्या करून घ्यायला लागतात." हे फार क्वचित घडतं, असंही त्यांनी लगेच जोडलं, कारण नवऱ्याचा चेहरा पडला होता.

निघता निघता मी त्यांना विचारलं की मग घाबरायचं नेमकं कशाला? त्यांनी बोट नाकाच्या बाजूला ठेवलं. आपल्या लोकांत कातडीचा एक कॅन्सर काळा दिसतो आणि लोक त्याला वयाचा मस समजतात. तो चेहऱ्यावर येतो, चकाकतो, कडेला मोत्यांसारखे बारीक उंचवटे असतात. त्याची खूण अशी की वर खपली धरते, पडते, थोडं रक्त येतं, परत खपली धरते, आणि महिना उलटला तरी जागा भरत नाही. त्यांच्याकडे आलेल्या एका आजोबांनी त्यावर दोन वर्षं चुना लावला होता. दरवेळी वरचा थर जळायचा, बरं वाटायचं, आणि खाली तो नाकाच्या कडेत खात जायचा. दुसरी जागा तळपाय आणि नखांखाली. आपण तीळ शोधतो चेहऱ्यावर आणि हातांवर, पण आपल्याकडचा तिळासारखा दिसणारा वाईट कॅन्सर बऱ्याचदा तळपायावर निघतो, जिथे कुणी आरसा धरत नाही.

वर्ष झालं. माझी तीन महिन्यांची साखर ५.८ वर आली आहे. मानेची काळी घडी थोडी निवळली, टॅग मात्र होते तसेच आहेत, ते साखर उतरली म्हणून गळत नाहीत. परवा पुन्हा मोजले, तेराचे चौदा झालेत. नवा डाव्या कानाखाली आहे, कुठे अडकत नाही. मंगळसूत्र आता बारीक सोन्याच्या साखळीचं केलंय, तारेचं नाही. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आंघोळीनंतर सासूबाई खुर्चीवर बसून पाय पुढे करतात आणि म्हणतात, "बघ गं जरा टॉर्चने, तळव्याला काही काळं दिसतंय का. माझी मान काही तिथवर वाकत नाही."